ग्रुप कसा वाचायचा: ५० मीटरच्या कागदावरची उभी रेघ, भरकटलेली गोळी आणि ग्रुपचा व्याप

नवीन मुलं कागद हातात आला की आधी गुण मोजतात, मग फूटपट्टी काढून ग्रुप, म्हणजे कागदावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, किती मिलिमीटरचा झाला ते बघतात. मी उलटं सांगतो. आधी गोळ्या कोणत्या क्रमाने कुठे लागल्या ते बघा, मग ग्रुपची ठेवण बघा (गोल, उभी, आडवी की तिरकी) आणि व्याप सगळ्यात शेवटी. काहीतरी बिनसलंय एवढंच व्यापावरून कळतं. बिघाड तुमच्यात आहे, रायफलीत आहे की काडतुसात, हे क्रम आणि ठेवण यांवरून कळतं.

इथे मी एकाच प्रकारापुरतं बोलणार आहे: ५० मीटर, पालथं पडून म्हणजे प्रोनमध्ये, पॉइंट टू टू रायफल, बारीक छिद्रातून बघायची बंद डायॉप्टर साइट आणि दंडाला अडकवून रायफल पेलणारा पट्टा म्हणजे स्लिंग. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला याच प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या तीन पोझिशनच्या स्पर्धेत कांस्य मिळवलं तिचा एक भाग प्रोनच असतो. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक क्लबांत हा कागद रोज बघायला मिळतो. दहा मीटरच्या एअर रायफलला यातलं बरंच लागू पडतं, पण वारा आणि काडतुसाचा भाग पडत नाही.

कागदाची मापं आधी डोक्यात बसवा

५० मीटरच्या कागदावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढतं. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. गोळीची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचं केंद्र कागदाच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर तो दहाच. याचाच दुसरा अर्थ असा की १६ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावणारा ग्रुप नीट मध्यावर बसवला तर सगळे दहा होतात. १६ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागेल.

व्याप मोजताना सगळ्यात लांबची दोन छिद्रं घ्या आणि एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. आलेला आकडा केंद्र ते केंद्र असतो, त्यातून गोळीचा व्यास वजा करायची भानगड नाही. उंची आणि रुंदीही अशीच मोजा: सगळ्यात वरच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून सगळ्यात खालच्याच्या वरच्या कडेपर्यंत. मात्र उंची आणि रुंदी वेगवेगळी लिहा. एकच आकडा लिहिलात तर पुढचं काहीच वाचता येणार नाही.

वाचण्यासाठी ग्रुप मारायचा कसा

सरावातला कुठलाही कागद चालत नाही. वाचण्यासाठी दहा गोळ्यांचा ग्रुप लागतो, आणि मधे साइटचा एकही क्लिक फिरवायचा नाही. नवख्यांना हेच जड जातं. नऊ दिसला की बोटं आपोआप नॉबकडे जातात. एकदा का क्लिक फिरवला की तो कागद वाचण्याच्या कामातून गेला.

मांडी घालून आधी वहीत कागदाची दोन वर्तुळं काढून ठेवा. पहिल्यात कॉल लिहायचा. ट्रिगर सुटला त्या क्षणी पुढच्या साइटच्या रिंगमध्ये लक्ष्याचं काळं वर्तुळ कुठे होतं ते आठवून, दुर्बिणीला डोळा लावण्याच्या आधी, गोळी कुठे गेली असेल ते तिथे टिंब मारून सांगायचं. मग दुर्बिणीतून बघून खरी जागा दुसऱ्या वर्तुळात टिपायची, शेजारी गोळीचा क्रमांक घालून. मधे पोझिशनमधून उठलात, रायफल खांद्यावरून काढलीत, वारा बदलला, तर त्या क्रमांकापाशी एक आडवी रेघ मारा. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर क्रम आणि जागा आपोआप साठतात, पण कॉल कुठलंही यंत्र साठवत नाही. तो तुम्हालाच लिहावा लागतो.

सुरुवातीच्या काही गोळ्या ग्रुपबाहेर मारून टाका. नुकतीच साफ केलेली, तेलाचा हात फिरलेली नळी पहिल्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी टाकते. काडतुसाचा लॉट बदलला तरी नळीतलं मेण आणि शिसं नव्या लॉटशी जुळेपर्यंत तेच होतं. त्या गोळ्या धरल्या तर नसलेला दोष शोधत बसाल.

उभी रेघ

प्रोनमध्ये ग्रुप उभा होण्याची प्रवृत्ती असते, कारण श्वासाबरोबर रायफलचं तोंड वरखाली होतं. श्वास आत घेतला की छाती फुगते, बट वर जातो आणि पुढची साइट खाली येते. श्वास सोडला की उलट. म्हणून प्रत्येक गोळी श्वासाच्या त्याच टप्प्यावर सुटायला हवी. कोणी अर्धा सोडून थांबतो, कोणी पूर्ण सोडून. दोन्ही चालतं, पण एका गोळीला अर्धा आणि दुसरीला पूर्ण असं केलंत तर उभी रेघ येणारच. या दोषाची खूण म्हणजे वर आणि खाली लागलेल्या गोळ्यांच्या क्रमांकात काही संगती नसते: तिसरी वर, चौथी खाली, पाचवी वर.

या श्वासाचाच उपयोग करून पोझिशन तपासता येते. रिकामी रायफल लावा, बोल्ट उघडा ठेवा आणि सावकाश श्वास घेत साइटमधून बघा. रिंग काळ्यावरून सरळ उभी वरखाली गेली पाहिजे. ती तिरकी जात असेल तर बहुतेक वेळा डावा कोपर (उजव्या हाताच्या नेमबाजाचा) रायफलखाली पुरेसा आलेला नसतो किंवा अंग रेषेत नसतं. आधी ते दुरुस्त करा. तोवर कागद वाचण्यात अर्थ नाही.

दुसरी उभी रेघ क्रमाने उतरते. पहिल्या गोळ्या मध्यावर, नंतरच्या जरा खाली, शेवटच्या आणखी खाली. ही पोझिशन बसत चालल्याची खूण: स्लिंग दंडावरून खाली सरकतोय, नाहीतर कोपर चटईवर पुढे घसरतोय. इथे नवखे विचारतात, ‘सर, मी तर प्रत्येक वेळी रिंग काळ्यावर बरोबर धरतो, मग गोळी खाली का?’ कारण रायफलीची विसाव्याची जागा आता काळ्याच्या खाली गेलेली असते आणि तुम्ही स्नायूंनी तिला वर उचलून धरलेलं असतं. ट्रिगर सुटताना ते स्नायू किंचित ढिले पडतात आणि तोंड आपल्या विसाव्याच्या जागी जातं. पडताळा सोपा आहे: गोळी सुटल्यावर डोकं न हलवता थांबा आणि रिंग कुठे स्थिरावते ते बघा. काळ्यावर परतली तर पोझिशन ठीक. दर वेळी खालीच बसत असेल तर उत्तर मिळालं.

तिसरी उभी रेघ काडतुसाची. पॉइंट टू टूची मॅच गोळी साधारण ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्यात ती जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते, आणि ते साइटने भरून काढलेलं असतं. हळू निघालेली गोळी जास्त वेळ हवेत राहते, म्हणून जास्त पडते. हिशेब केला तर वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक म्हणजे कागदावर सुमारे ७ ते ८ मिलिमीटर उभा फरक. पाचाचा फरक म्हणजे चारच्या जरा आत. नळीच्या कंपनांमुळे प्रत्यक्षात हा आकडा थोडा कमीजास्त होतो, पण अंदाजाला पुरेसा आहे.

हा हिशेब उपयोगी पडतो तो आरोप तोलायला. कुणी २५ मिलिमीटरची उभी रेघ दाखवून ‘लॉट खराब आहे’ म्हणाला, तर सगळी रेघ वेगामुळेच झाली असं धरलं तरी वेगात तीसेक मीटरचा फरक असावा लागेल. बऱ्या मॅच काडतुसात तेवढा फरक सहसा नसतो. स्वस्तातल्या सरावाच्या काडतुसात असू शकतो. शिवाय काडतुसाची पेटी उन्हात राहिली तर दारू तापून वेग वाढतो. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या रेंजवर अर्धी पेटी उन्हात आणि अर्धी सावलीत, असं दृश्य मी बऱ्याचदा बघतो. पेटीवर टोपी टाकली तरी भागतं.

चौथी उभी रेघ रायफलीची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लोक बघतात. फायरिंग पिनची स्प्रिंग थकली किंवा बोल्टमध्ये तेल घट्ट झालं की ठोका दर वेळी सारखा बसत नाही, दारू सारखी पेटत नाही आणि वेग वरखाली होतो. झाडलेल्या पुंगळ्या उचलून ओळीने मांडा आणि कडेवरचे ठसे बघा. सगळे सारखे खोल हवेत. काही खोल आणि काही नुसते टेकल्यासारखे दिसले तर रायफल आर्मररकडे द्या, काडतुसाला दोष देऊ नका.

तिरकी रेघ उभी समजू नका

घड्याळाच्या काट्यांनी बघायचं तर दहा ते चार अशी तिरकी रेघ वाऱ्याची असते. आपल्या रायफलींच्या नळीत गोळीला उजवीकडे फिरकी मिळते. त्यामुळे उजवीकडून आलेला वारा गोळीला डावीकडे आणि थोडी वर नेतो, तर डावीकडून आलेला उजवीकडे आणि थोडी खाली. ग्रुप असा तिरका असेल तर वहीत वाऱ्याच्या रेघा कुठे पडल्यात ते बघा. रेघांशी जुळला तर पोझिशनला हात लावू नका.

भरकटलेली गोळी, म्हणजे फ्लायर

फ्लायर हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. नऊ गोळ्या जवळ आणि एक लांब, की झाला फ्लायर! त्यातले बरेच फ्लायर नसतात. कुठल्याही ग्रुपमध्ये एक गोळी सगळ्यात लांब असणारच. पाच गोळ्यांच्या ग्रुपमध्ये ‘चार छान आणि एक बाहेर’ हे चित्र नुसत्या योगायोगानेही सतत दिसतं. ती एक वगळून ग्रुप मोजणं म्हणजे स्वतःला फसवणं.

म्हणून कॉलची वही. लांबची गोळी कॉलमध्येही लांबच होती, तर ती तुमची. तुम्हाला सुटताना दिसली होती, म्हणजे ट्रिगरला झटका, लांबलेला श्वास, गालाचा दाब असं काहीतरी. इथे रायफल आणि काडतूस दोन्ही निर्दोष. कॉल मध्यावर आणि गोळी लांब, तर चौकशी पुढे न्यायची. पण एका गोळीवर निकाल नाही. अशा ‘कॉल चांगला, गोळी वाईट’ गोळ्या वहीत वेगळ्या चिन्हाने खुणा करून जमवत जा. त्या ज्या दिशेला जातात ती दिशा बोलकी असते. खाली जात असतील तर हळू काडतूस किंवा कमजोर ठोका. वाऱ्याच्या दिशेने जात असतील तर तुम्ही न पाहिलेली झुळूक. कुठेही जात असतील तर चेपलेली गोळी: काडतूस चेंबरमध्ये तिरकं घालताना टोक घासलं जातं, आणि घाईत ते लक्षात येत नाही.

अजून एक फसवा प्रकार म्हणजे एका ग्रुपऐवजी दोन छोटे पुंजके. हे फ्लायर नव्हेत. पुंजके क्रमाने विभागले असतील (पहिले पाच इथे, पुढचे पाच तिथे) तर मधे काय बदललं ते शोधा. क्रमात सरमिसळ असेल आणि कॉल चांगले असतील तर साइटचा आणि अ‍ॅक्शनचा स्क्रू हाताने तपासा. ढिला स्क्रू दोन ठिकाणी बसतो आणि रायफल दोन ठिकाणी मारते.

व्यापावर किती विश्वास ठेवायचा

व्याप गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतो, नेमबाज तोच असला तरी. ज्याचा पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी १२ मिलिमीटर येतो त्याचा तीन गोळ्यांचा साडेनऊच्या आसपास आणि दहा गोळ्यांचा १५ च्या आसपास येईल. तेव्हा कुणी ‘माझी रायफल नऊ मिलिमीटर मारते’ म्हणाला तर आधी किती गोळ्या ते विचारा.

दुसरं, पाच गोळ्यांचा ग्रुप फार उड्या मारतो. सरासरी १२ असणाऱ्याला एकदा ८ आणि एकदा १६ येणं यात बातमी काहीच नाही. दोन लॉट तुलनेला घेतले आणि एकाने ११, दुसऱ्याने १४ दिला, म्हणून पहिला चांगला ठरत नाही. प्रत्येकी दहा-दहाचे तीन-चार ग्रुप मारल्यावर फरक टिकला तर माना.

एक ग्रुप वाचून बघू

क्लबातल्या एका मुलीचा कागद. दहा गोळ्या, उंची २६ मिलिमीटर, रुंदी ११. वारा जवळपास नाही. १६ च्या वर्तुळात मावण्याचा प्रश्नच नाही, चार नऊ पडले होते. तिचं म्हणणं काडतूस बदलू या. क्लबच्या एका ज्येष्ठाचं म्हणणं श्वास सांभाळ.

वहीतला क्रम पाहिला. एक, दोन, तीन मध्यावर. चार आणि पाच त्यांच्या जरा खाली. सहावी सगळ्यात खाली. सहाव्यानंतर आडवी रेघ: घाम आला म्हणून तिने रायफल खांद्यावरून काढून पोझिशन पुन्हा बांधली होती. सात आणि आठ परत मध्यावर, नऊ खाली, दहा आणखी खाली. कॉल सगळे मध्यावर किंवा मध्याजवळ.

काडतूस किंवा ठोका यांच्यामुळे हे झालं असतं तर वरच्या-खालच्या गोळ्यांची सरमिसळ दिसली असती. काडतुसाला काय माहीत तिने पोझिशन कधी बांधली! श्वासाचा दोषही सरमिसळच देतो. इथे मात्र उतरंड आहे, पोझिशन बांधली की वर उडी आहे, आणि पुन्हा उतरंड आहे.

तरी पडताळा घ्यायचा. तीच रायफल, तीच पेटी, टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर. टेकू लाकडी पुढच्या भागाला द्यायचा, नळीला नाही, नाहीतर नळी वाकवून गोळी वेगळीकडे जाते. दहा गोळ्या: उंची १३, रुंदी १२, क्रम विखुरलेला. रायफल आणि काडतूस दोन्ही सुटले. टेबलावरही उभी रेघ राहिली असती तर दुसरा लॉट घातला असता, आणि तरीही राहिली असती तर पुंगळ्यांचे ठसे आणि स्क्रू. नेहमी एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

मग ती पुन्हा प्रोनमध्ये. जॅकेटच्या बाहीवर स्लिंगच्या वरच्या कडेला खडूने रेघ मारली. सहा गोळ्यांनंतर बघितलं तर स्लिंग रेघेच्या दोन बोटं खाली उतरला होता. दंडावर तो अडकवायचा पट्टा जॅकेटला होता, पण ती तो लावतच नव्हती, कारण दंड आवळल्यासारखा वाटायचा. पट्टा लावला, स्लिंग एक भोक सैल केला, आणि रायफलीखाली डावा हात ज्याला टेकतो तो हँडस्टॉप थोडा मागे घेऊन डाव्या हाताची उंची पुन्हा जुळवली.

पुढचा ग्रुप उंचीला १५ आला. एवढ्यावर मी तिला ‘झालं’ म्हणालो नाही. पुढच्या काही सरावांत दहा-दहाचे ग्रुप घेतले, ते १४ ते १८ च्या दरम्यान राहिले आणि उतरंड पुन्हा दिसली नाही. तेव्हा मानलं. उरलेली उंची टेबलावरच्या १३ पेक्षा फार जास्त नव्हती, त्यामुळे आता लॉट निवडण्यात वेळ घालवणं तिच्या कामाचं होतं. आधी घातला असता तर महागडी पेटी स्लिंगच्या घसरणीवर गेली असती.

कागद काढायला पुढे जाताना रेंज अधिकाऱ्याची परवानगी, सगळ्यांचे बोल्ट उघडे आणि सेफ्टी फ्लॅग नळीत, एवढं होईपर्यंत कोणीही ओळ ओलांडायची नाही. आणि कागद काढला की त्याच्या मागच्या बाजूला तारीख, लॉटचा क्रमांक आणि क्रम लिहून ठेवा. वहीतलं पान फाटतं, कागद फाईलला राहतो.